सिल्व्हर-रसेल सिंड्रोम: निदानापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत

पोटात बाळ वाढत नाही, जन्मतः वजन आणि लांबी दोन्ही फार कमी, चेहरा छोटासा आणि हनुवटीकडे निमुळता होत गेलेला, कपाळ मोठं आणि पुढे आलेलं, आणि काही महिन्यांनी लक्षात येतं की एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब आहे. ही सगळी लक्षणं एकाच आजाराची आहेत हे कळायला बऱ्याच घरांत वर्ष-दोन वर्षं जातात. सिल्व्हर यांनी १९५३ मध्ये आणि रसेल यांनी १९५४ मध्ये अशा मुलांची वर्णनं स्वतंत्रपणे लिहिली, म्हणून नावात दोघंही आहेत. या लेखात आम्ही पहिल्या दोन वर्षांपुरतंच बोलणार आहोत. चुका सर्वाधिक तिथेच होतात, आणि त्या दुर्लक्षापेक्षा अतिकाळजीतून जास्त होतात, असं आम्ही पालक म्हणून पाहिलं आहे.

सुरुवात जन्माच्या तीन मापांपासून करायची: वजन, लांबी आणि डोक्याचा घेर. पहिलं माप प्रत्येक कागदावर असतं, दुसरं बहुधा असतं, तिसरं मात्र पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आईचं कुपोषण, रक्तदाब किंवा वारेचा दोष यांमुळे लहान राहिलेल्या बाळाचं डोकंही थोडंफार लहान असू शकतं. सिल्व्हर-रसेलमध्ये मात्र शरीर आणि डोकं यांच्यात ठळक तफावत दिसते. धड लहान राहतं, मेंदू आणि कवटी जवळजवळ नेहमीइतकी वाढते. म्हणून डोकं मोठं 'वाटतं', पण टेपने मोजलं तर ते वयाच्या मानाने साधारणच निघतं. टाळूही मोठी असते आणि उशिरा भरते. या दोन गोष्टी एकत्र पाहून डोक्यात पाणी झाल्याची शंका येते आणि सोनोग्राफी, एमआरआय असं चक्र सुरू होतं. डोक्याचा घेर दर महिन्याला त्याच्याच रेषेला धरून सरकत असेल, रेषा ओलांडून वर उडत नसेल, तर पाणी होण्याची शक्यता कमी असते. घेराचा आलेख काढून तो डॉक्टरांपुढे ठेवा. स्कॅनचा निर्णय त्यांचाच, पण आलेख हाती असला की तो नेमका होतो.

जन्माच्या नोंदी हरवल्या असतील तर प्रसूती झाली तिथून नवजात बाळाच्या कागदांची प्रत मागून घ्या. गरोदरपणाचे आठवडेही लागतात, कारण 'लहान' हे वयाच्या आठवड्यांच्या मानाने ठरतं. ३४ आठवड्यांचं १.९ किलोचं बाळ आणि ३८ आठवड्यांचं १.९ किलोचं बाळ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

निदानासाठी आता नेचीन-हार्बिसन ही गुणपद्धत वापरली जाते. तिच्यात सहा निकष आहेत आणि प्रत्येकाला एक गुण. कोरडी यादी देण्यापेक्षा एका मुलीचे आकडे घेऊन ते पाहू. ही मुलगी उदाहरणापुरती घेतली आहे, पण अशा आकड्यांच्या फायली आम्हाला परिचयाच्या आहेत. जन्म ३८ आठवड्यांना, वजन १.९ किलो, लांबी ४३ सेंटिमीटर, डोक्याचा घेर ३३ सेंटिमीटर. आता वय १४ महिने, लांबी ६८ सेंटिमीटर, वजन ६.२ किलो.

पहिला निकष जन्माच्या मापांचा. वजन किंवा लांबी प्रमाण विचलनाच्या उणे २ किंवा त्याखाली हवी. प्रमाण विचलन म्हणजे सरासरीपासून किती दूर, हे सांगणारं माप. डॉक्टर बोलताना त्याला 'एसडी' म्हणतात. या मुलीचं वजन आणि लांबी दोन्ही साधारण उणे अडीचच्याही खाली जातात. एक गुण. दुसरा निकष डोक्याचा: डोक्याचं विचलन हे वजनाच्या किंवा लांबीच्या विचलनापेक्षा किमान दीडने वर असावं. ३३ सेंटिमीटर हे ३८ आठवड्यांना जवळजवळ सरासरीच आहे, म्हणजे फरक दोनच्याही पुढे गेला. दुसरा गुण. तिसरा निकष पुढे आलेल्या कपाळाचा. तो बाजूने पाहून ठरवायचा, वय एक ते तीन वर्षांच्या दरम्यान. समोरून काढलेल्या फोटोत कपाळ कळत नाही. मूल सरळ पुढे बघत असताना कानाच्या बाजूने काढलेला फोटो हवा, आणि त्यात कपाळ चेहऱ्याच्या पातळीच्या पुढे आलेलं दिसायला हवं. इथे ते आहे, तीन गुण.

चौथा निकष दोन बाजूंच्या फरकाचा. पायांच्या लांबीत अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल, किंवा हातांत फरक असेल, तर गुण मिळतो. पायांतला फरक अर्ध्या सेंटिमीटरहून कमी असेल तर शरीराचे आणखी किमान दोन भाग असमान असावे लागतात, आणि त्यातला एक चेहऱ्याव्यतिरिक्त असावा. या मुलीत फरक ०.८ सेंटिमीटर आहे. चार गुण झाले. उरलेले दोन निकष म्हणजे दोन वर्षांच्या सुमारास उंची उणे २ किंवा त्याखाली असणं (किंवा आईवडिलांच्या उंचीवरून काढलेल्या अपेक्षित उंचीपेक्षा २ विचलनांनी खाली असणं), आणि खाण्याची अडचण. खाण्याचा गुण दोन वर्षांच्या वेळी बीएमआय उणे २ किंवा त्याखाली असेल, मूल नळीने अन्न घेत असेल, किंवा भूक वाढवायला सायप्रोहेप्टाडिन चालू असेल तर द्यायचा. १४ महिन्यांच्या बाळात हे दोन्ही पूर्ण तपासता येत नाहीत. सहापैकी चार मिळाले की जनुकीय तपासणीकडे जायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळात तीनच गुण भरले पण शंका दाट असेल, तरीही तपासणीचा विचार करतात. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही.

पायाचं मोजमाप घरी करू नये असं नाही, पण ते नीट करावं. बाळ पाठीवर झोपलेलं, कंबर सरळ, दोन्ही गुडघे सरळ आणि पाय एकमेकांना समांतर. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ते घोट्याचं आतलं हाड, असं टेपने मोजायचं. एक गुडघा जरी किंचित वाकला किंवा कंबर तिरकी झाली तरी अर्धा सेंटिमीटर सहज चुकतो, आणि निकष तर अर्ध्या सेंटिमीटरचाच आहे. म्हणून तीनदा मोजून जुळलेला आकडाच धरायचा. मूल उभं राहू लागलं की आखूड पायाखाली पातळ फळ्या ठेवत जायचं आणि कंबर सपाट दिसली की फळ्यांची उंची मोजायची. ही पद्धत जास्त भरवशाची. पावलांचा आकार, हाताच्या बोटांची लांबी, गालांची भरण हेही पाहून ठेवा. आतल्या बाजूला वळलेली करंगळी या मुलांत पुष्कळदा दिसते, पण गुणपद्धतीत तिला जागा नाही.

पायाच्या बाबतीत एक गोंधळ वारंवार होतो. एक बाजू मोठी दिसली की ती बाजू 'अतिवाढलेली' आहे असं समजलं जातं. अतिवाढीचे जे आजार आहेत, उदाहरणार्थ बेकविथ-वीडेमन, त्यांत मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरची जोखीम असते, आणि म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. सिल्व्हर-रसेलमध्ये मोठी बाजू अतिवाढलेली नसते, लहान बाजू खुंटलेली असते. गाठीची जोखीम इथे फार कमी मानली जाते आणि नेमाने सोनोग्राफी करत राहण्याची शिफारस नाही. दोन्ही आजार एकाच जनुकीय भागाचे, पण उलट दिशांचे आहेत. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

तो भाग म्हणजे अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवरचा ११पी१५. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यावर आयजीएफ२ नावाचं जनुक आहे. गर्भाची वाढ करवणारं हे जनुक फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवर चालू असतं. ते चालू राहावं म्हणून शेजारच्या नियंत्रण-भागावर मेथिल गटांच्या खुणा असतात, आणि त्या फक्त वडिलांच्याच प्रतीवर असतात. सिल्व्हर-रसेलच्या ३० ते ६० टक्के मुलांत या खुणा गळून गेलेल्या आढळतात. मग वडिलांची प्रत आईच्या प्रतीसारखी वागू लागते आणि आयजीएफ२ गप्प बसतं. आणखी ५ ते १० टक्के मुलांत सातव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात.

यातून तपासणीची सगळ्यांत महत्त्वाची बाब निघते. बहुतेक मुलांत अक्षरांचा क्रम जसाच्या तसा असतो, फक्त खुणा गेलेल्या असतात. त्यामुळे कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी तपासणी, सर्वसाधारण येतो. एक्झोम सिक्वेन्सिंग ही महागडी तपासणीसुद्धा सर्वसाधारण येते, कारण ती अक्षरं वाचते, खुणा वाचत नाही. 'सगळे जीन तपासले, काही नाही' असा अहवाल घेऊन परतलेली कितीतरी कुटुंबं आम्हाला भेटली आहेत. मागायची तपासणी आहे मेथिलेशनची. बहुतेक प्रयोगशाळा ती एमएस-एमएलपीए या पद्धतीने करतात. विनंतीच्या कागदावर '११पी१५ आणि गुणसूत्र ७ चं मेथिलेशन' असं स्पष्ट लिहून घ्या. अहवालात टक्केवारी येते. दोनपैकी एका प्रतीवर खुणा असल्या म्हणजे साधारण ५० टक्के. आकडा त्याच्या बराच खाली गेला असेल तर निदान पक्कं होतं.

पण तो आकडा थोडासाच खाली असेल किंवा सर्वसाधारण असेल, तर? खुणा गळण्याची घटना फलनानंतर, पेशी विभागायला लागल्यावर घडते. त्यामुळे काही पेशींत दोष असतो, काहींत नसतो, आणि एका पायाच्या पेशींत जास्त, दुसऱ्यात कमी असू शकतो. पायांतला फरक येतो तो यातूनच. याच कारणाने रक्तातल्या पेशींत दोष सापडला नाही तरी गालाच्या आतल्या किंवा त्वचेच्या पेशींत सापडू शकतो. रक्ताचा अहवाल नकारात्मक आणि गुण चार किंवा जास्त, असं असेल तर गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर तीच तपासणी पुन्हा करायला सांगावी. तरीही सुमारे ४० टक्के मुलांत काहीच सापडत नाही. अशा वेळी चार गुणांमध्ये पुढे आलेलं कपाळ आणि तुलनेने मोठं डोकं हे दोन्ही असतील, तर निदान लक्षणांवरूनच मान्य करतात आणि उपचार तसेच चालतात. याच टप्प्यावर डॉक्टर टेंपल सिंड्रोमसारखे मिळतेजुळते आजारही तपासून बाजूला काढतात.

खुणा गळण्याला गरोदरपणातलं खाणंपिणं, धावपळ, ताण यांतलं काहीही कारण नाही. आईला हा प्रश्न घरात विचारला जातो, आणि तो थांबायला हवा. या प्रकारात पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यताही फार कमी असते. जनुकातच बिघाड असलेले विरळ प्रकार असतात आणि त्यांत हिशेब वेगळा असतो, म्हणून पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्यांनी अहवाल हाती घेऊन जनुकतज्ज्ञांशी बोलावं.

निदानाच्या कागदापेक्षा रोजची लढाई असते ती खाण्याची. आपली मुलगी १४ महिन्यांची आणि ६.२ किलोची आहे. त्या वयाच्या मुलींचं मधलं वजन सुमारे ९.४ किलो. कोणीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की घाबरतं, आणि मग तीन किलोची तूट भरून काढायची मोहीम सुरू होते. तुलना चुकीची आहे. या मुलीची लांबी ६८ सेंटिमीटर आहे, म्हणून तिचं वजन ६८ सेंटिमीटर लांबीच्या मुलींच्या वजनाशी ताडायला हवं. त्या लांबीला मधलं वजन सुमारे ७.७ किलो. ६.२ भागिले ७.७ म्हणजे जवळपास ८० टक्के. या गुणोत्तराला वॉटरलो म्हणतात, आणि सिल्व्हर-रसेलच्या बाळांसाठी पहिल्या काही वर्षांतलं लक्ष्य ७५ ते ८५ टक्के आहे. म्हणजे ही मुलगी नेमकी जिथे हवी तिथे आहे. साध्या बाळाला ८० टक्के म्हणजे कुपोषण. इथे नाही, कारण या मुलांत स्नायूच मुळात कमी असतात. १०० टक्क्यांपर्यंत जायचं तर स्नायू वाढत नाहीत, मधला सगळा फरक चरबीने भरला जातो.

ही चरबी पुढे महागात पडते. वजन झपाट्याने वाढलं की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, अॅड्रिनल ग्रंथींची संप्रेरकं लवकर आणि जोरात सुरू होतात, हाडांचं वय पळू लागतं आणि वाढीची पट्टी लवकर बंद होते. बाळपणी मिळवलेलं वजन मग मोठेपणी उंचीतून वजा होतं. उपचार न घेतलेल्या प्रौढांची उंची पुरुषांत सरासरी १५१ सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रियांत १४० च्या आसपास नोंदली गेली आहे. मुळातच इतक्या कमी असलेल्या उंचीतले सेंटिमीटर असे गमावणं कोणालाच परवडत नाही. सर्वांत जास्त धोका नळीने अन्न घेणाऱ्या मुलांना, कारण तोंडाने खाणारं मूल तोंड मिटून नाही म्हणू शकतं, नळी म्हणू शकत नाही. नळी लागलीच तर दर भेटीत वॉटरलो काढून ८५ च्या पुढे जाताना लगेच प्रमाण कमी करायचं.

दुसरी कड विसरायची नाही. आकडा ७५ च्या खाली गेला, किंवा लांबी वाढायची थांबली, तर ते खरं कुपोषण आहे. दोन्ही टोकं कळण्यासाठी मोजमाप नेमकं हवं: वजन लंगोट काढून, त्याच काट्यावर, लांबी झोपवून, लाकडी मापपट्टीवर, एकाने डोकं टेकवून धरायचं आणि दुसऱ्याने गुडघे सरळ करून पावलं टेकवायची. लांबी दोन सेंटिमीटर चुकली तर इतक्या छोट्या बाळात वॉटरलो चार-पाच टक्क्यांनी हलतो, म्हणजे लक्ष्याच्या पट्ट्याचा निम्मा भाग निव्वळ मोजण्यात जातो.

ही बाळं खात का नाहीत? बऱ्याच जणांना भूक अशी लागतच नाही. शिवाय जबडा लहान, चोखण्याची ताकद कमी, जठर हळू रिकामं होतं, अन्न उलट वर येतं, आणि बद्धकोष्ठता. आमचं स्पष्ट मत आहे की हात घालायचा तो आधी बद्धकोष्ठतेला. आतडं भरलेलं असलं की जठर आणखी हळू रिकामं होतं, उलट्या वाढतात, आणि घरात भुकेचं औषध शोधलं जातं. मऊ शौच रोज होऊ लागलं की पुष्कळदा खाणं आपोआप थोडं सुधारतं. त्यानंतर उलटीवरचे आणि आम्ल कमी करण्याचे उपाय, आणि मगच सायप्रोहेप्टाडिन, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. सुरुवातीला त्याने झोप येते.

उष्मांक वाढवताना बाळाचं पोट केवढं आहे ते बघा. प्रमाण वाढवलं तर उलटी, आणि दूध फार घट्ट केलं तर जुलाब किंवा पोट आणखी मंद. एका वेळी एकच बदल करा आणि काही दिवस तोच ठेवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आणि चमचा जबरदस्तीने तोंडात घालू नका. या मुलांत अन्नाची धास्ती बसली की ती निघायला वर्षं लागतात, आणि नळीपर्यंत पोचण्याचं ते एक मोठं कारण आहे.

सर्वांत गंभीर धोका मात्र वजनाचा नाही, रात्री रक्तातली साखर घसरण्याचा आहे. साखर साठवायला यकृत आणि तिला हातभार लावायला स्नायू, दोन्ही लहान. साखर खाणारा मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा. उपाशी राहण्याची मुदत इतर बाळांपेक्षा खूप लवकर संपते. लक्षणं दिसतील ती अशी: झोपेत डोक्याला दरदरून घाम, सकाळी फिकट चेहरा, मलूलपणा, चिडचिड, कधी सकाळीच उलटी. घाम या मुलांना एरवीही जास्त येतो, त्यामुळे घामावरून निष्कर्ष काढता येत नाही. काहीच बाहेर न दिसता साखर उतरलेली असते असंही होतं.

म्हणून लघवीतले कीटोन तपासायचे. साठा संपला की शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन लघवीत उतरतात, ते साखर घसरण्याच्या आधी. घरी करण्यासारखी यासारखी दुसरी तपासणी नाही. रात्री लंगोटात स्वच्छ कापसाचे बोळे ठेवा, सकाळी पहिल्या खाण्याच्या आधी ते पिळून कीटोन तपासायच्या पट्टीवर थेंब घ्या, आणि पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग वाचा. उशिरा वाचलं तर रंग गडद होत जातो आणि निष्कारण घाबरायला होतं. डबी उघडी राहिली की पट्ट्या ओलावा धरून निकामी होतात, म्हणून उघडल्याची तारीख डबीवर लिहा.

आपल्या मुलीचं रात्री आठला शेवटचं दूध होतं आणि ती सकाळी सहाला उठते. दहा तास. पट्टी 'मध्यम' दाखवते. याचा अर्थ दहा तास तिला झेपत नाहीत. पहिला बदल: अकराला एक अर्धझोपेतलं दूध. चार-पाच सकाळी पट्टी पाहिली, आता 'किंचित'. म्हणजे सात तास जवळजवळ जमतात. पण हे अकराचं दूध रोज उलटत असेल तर ते टिकणारं नाही. मग दुसरा मार्ग, शेवटच्या खाण्यात हळू पचणारं पिष्ट. दहा महिन्यांपुढच्या बाळांना न शिजवलेला मक्याचा स्टार्च देतात, म्हणजे पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर. पिवळं मक्याचं पीठ चालत नाही. दहा महिन्यांखाली ते पचवणारं विकर पुरेसं नसतं, तिथे मोठ्या रेणूंचा ग्लुकोज पॉलिमर वापरतात. मात्रा किलोवर मोजून डॉक्टर ठरवतात आणि कीटोन पाहून ती कमी-जास्त होते.

इथे चूक होते ती तापमानात. स्टार्च गरम दुधात घातला की फुगतो, शिजतो आणि साध्या साखरेसारखा भराभर पचतो. रात्रभर पुरण्याचा त्याचा गुणच जातो. दूध कोमट म्हणण्याइतकंही गरम नको. थंड किंवा खोलीच्या तापमानाच्या दुधात ढवळून लगेच द्यायचं, कारण काही मिनिटांत तो तळाशी बसतो आणि निम्मी मात्रा बाटलीतच राहते. बाटली संपली की तळ पाहायची सवय ठेवा. पोट फुगणं आणि बद्धकोष्ठता वाढणं हे त्याचे त्रास आहेत, म्हणून थोड्यापासून सुरुवात करावी. एक सावधगिरी: ग्लुकोमीटरवर साखर खरोखर कमी आहे आणि लघवीत कीटोन अजिबात नाहीत, असं दिसलं तर कारण वेगळं असू शकतं, उदाहरणार्थ इन्सुलिन जास्त असणं. तिथे दुधाच्या वेळा बदलत बसू नये, डॉक्टरांकडेच जावं.

आजारपणात हा सगळा हिशेब मोडतो. उलट्या-जुलाब किंवा तापात बाळ दोन-तीन वेळचं नाकारतं, आणि इतर मुलांच्या बाबतीत 'उद्यापर्यंत पाहू' म्हणता येतं तसं इथे म्हणता येत नाही. कीटोन मध्यम किंवा जास्त आणि तोंडाने काही टिकत नसेल, तर शिरेतून ग्लुकोजसाठी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. तिथे पोचल्यावर आजार समजावून सांगण्यात वेळ जातो, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांच्या सहीचं एक पानी पत्र पिशवीत कायम हवं. त्यात निदान, आताचं वजन, आणि साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलिलिटर शिरेतून, आणि मग सलाईन चालू, हे लिहिलेलं असावं. आपल्या मुलीसाठी ते सुमारे १२ मिलिलिटर. पत्रात हेही ठळक हवं की ग्लुकॅगॉनवर भिस्त ठेवू नये. ते इंजेक्शन यकृतातला साठा बाहेर काढतं, आणि इथे साठाच नसतो. बाळ शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेत तोंडावाटे ग्लुकोज द्या. सुस्त किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. वजन वाढेल तसं पत्र बदलून घ्यावं लागतं. जुन्या वजनाचं पत्र नेमक्या वेळी अपुरी मात्रा सांगतं.

शस्त्रक्रिया किंवा भूल देऊन स्कॅन असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा, दिवसाची पहिली वेळ मागा, आणि उपाशी ठेवल्या क्षणापासून ग्लुकोजचं सलाईन चालू ठेवायला सांगा. ग्रोथ हार्मोनची उत्तेजन चाचणी करायची म्हणून बाळाला उपाशी ठेवायला सांगितलं तर थांबा आणि विचारा. सिल्व्हर-रसेलमध्ये ग्रोथ हार्मोन देण्यासाठी त्या चाचणीची गरज नसते. ही मुलं उपचाराला पात्र ठरतात ती जन्मतः लहान असल्यामुळे, हार्मोनची कमतरता सिद्ध झाली म्हणून नव्हे.

ग्रोथ हार्मोन सहसा दोन वर्षांनंतर सुरू करतात, आणि खाणं व साखर दोन्ही मार्गी लागल्यावरच. नेहमीची मात्रा दिवसाला किलोमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. ८ किलोच्या मुलीला ती सुमारे ०.२८ मिलिग्रॅम, रोज एक टोचणी. उंचीखेरीज त्याने स्नायू वाढतात आणि साखर जास्त वेळ टिकते, म्हणून काही मुलांत ते लवकरही देतात. ११पी१५ च्या मुलांत रक्तातला आयजीएफ१ हा वाढीचा घटक बऱ्याचदा आधीच वरच्या बाजूला असतो; फक्त तो आकडा पाहून मात्रा घाईने कमी केली की वाढ मंदावते. पायांमधला फरक या औषधाने वाढतो असा अनुभव नाही. तो दर सहा महिन्यांनी मोजावा, चालायला लागल्यावर अस्थितज्ज्ञांना दाखवावा, आणि मोठा असेल तर आखूड पायाच्या बुटात जाडी घालावी. आतून टाचेखाली पातळ जाडी बसते. जास्त लागली तर ती तळव्याला बाहेरूनच लावावी लागते, नाहीतर टाच बुटातून वर निसटते. पाय लांब किंवा आखूड करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार वाढीची बरीच वर्षं सरल्यावरच करायचा.

दोन वर्षांपुढे डॉक्टरांना दाखवायच्या नोंदींत आणखी दोन गोष्टी येतात: अंगाला मोठ्यांसारखा घामाचा वास येतो का, आणि काखेत किंवा जांघेत केस दिसतात का. मुलींत आठच्या आणि मुलांत नऊच्या आधी हे दिसलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता हाडांच्या वयाचा एक्स-रे काढून घ्यावा, कारण लैंगिक वाढ रोखायची इंजेक्शनं वेळेत सुरू झाली तरच त्यांनी उंची वाचते.